कालवे ताजी असली तरी कच्ची का खाऊ नयेत: व्हिब्रिओ जंतू, यकृताचा आजार आणि शिजवण्याची नेमकी पद्धत

सातारा-सांगलीकडची माणसे कोकणात उतरली की परतताना मासळीचा डबा भरूनच घाट चढतात. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला किंवा रत्नागिरीहून आंबा घाटाने सांगली-मिरजेला येणाऱ्या गाड्यांत सुरमई आणि कोळंबीबरोबर हल्ली कालवेही असतात. आपल्याकडे घरोघरी मासळीची पारख वासावरून आणि डोळ्यांवरून होते, आणि सुरमईसाठी ती पारख बऱ्यापैकी खरी आहे. कालवांच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते. ज्या व्हिब्रिओ जंतूमुळे माणूस दोन दिवसांत दगावू शकतो, तो जंतू कालवाचा वास, रंग किंवा चव यांपैकी काहीही बदलत नाही.

हा लेख त्यातल्या एकाच प्रकाराभोवती ठेवला आहे. त्याचे नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. त्याचा भाऊबंद व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा अधिक लोकांना आजारी पाडतो, आणि त्याच्या १९९६ मध्ये कोलकात्यात प्रथम आढळलेल्या एका प्रकाराने पुढे जगभर साथी घडवल्या. पण त्याचा त्रास बहुधा जुलाब, उलटी, पोटात कळा आणि ताप एवढ्यावर थांबतो आणि तीन दिवसांत माणूस सावरतो. व्हल्निफिकसचे रुग्ण कमी असतात, पण तो रक्तात शिरला की गंभीर आजार होतो. अमेरिकेत त्याची लागण झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो, आणि कालवे खाऊन जंतू थेट रक्तात पसरलेल्या रुग्णांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते.

जंतू कालवात येतो कुठून?

पुष्कळांना वाटते की हा सांडपाण्याचा जंतू आहे आणि स्वच्छ खाडीतली कालवे घेतली की प्रश्न मिटला. तसे नाही. व्हिब्रिओ हा समुद्राचा आणि खाडीच्या मचूळ पाण्याचा मूळचा रहिवासी आहे. पाणी कितीही नितळ असले तरी ते कोमट आणि थोडे खारे असले की तो तिथे असतोच. पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर गेले की तो जोमाने वाढतो, आणि कोकण किनाऱ्याचे पाणी बाराही महिने त्याहून उबदार असते. विशिष्ट महिन्यांतच कालवे खावीत हा नियम थंड देशांतून आलेला आहे. आपल्या किनाऱ्याला तो लागू पडत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ नद्यांच्या गोड्या पाण्याने खाडीचा खारेपणा उतरतो, आणि व्हल्निफिकसला तेच अधिक मानवते.

कालव एका जागी खडकाला चिकटून बसते आणि दिवसभर पाणी आत ओढून, त्यातले अन्न गाळून, पाणी बाहेर सोडत राहते. या गाळण्यात जंतूही आत साठतात, आणि त्यांचे प्रमाण आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. ते नुसते आतड्यात नसून मांसातही मुरलेले असतात. म्हणूनच कालवे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून ‘साफ’ करण्याचा उपाय व्हिब्रिओवर चालत नाही. उलट घरातल्या तापमानाच्या पाण्यात ठेवल्यास जंतूंना वाढायला आयती संधी मिळते. लिंबू, कोकम, आगळ, तिखट आणि मद्य यांचीही गत तीच आहे. त्यांनी चव बदलते, पण मांसाच्या आतला जंतू मरत नाही.

सर्वाधिक धोका कोणाला आणि का

एकाच ताटातली तीच कालवे चौघांनी खाल्ली, तर तिघांना काहीच होत नाही आणि चौथा अतिदक्षता विभागात पोहोचतो. हा फरक कालवाचा नसून त्या माणसाच्या यकृताचा असतो.

व्हल्निफिकसला वाढण्यासाठी लोह लागते. निरोगी माणसाच्या रक्तात लोह मोकळे फिरत नाही. ते एका प्रथिनाला घट्ट बांधलेले असते आणि त्या प्रथिनाची बरीच जागा रिकामी राहते. आतड्यातून रक्तात किती लोह येऊ द्यायचे याचे नियंत्रण हेपसिडिन नावाचे संप्रेरक करते, आणि ते यकृतात तयार होते. सिरॉसिस या यकृताच्या जुनाट आजारात त्याच्या पेशी कमी झाल्या की हेपसिडिन कमी पडते, रक्तातले लोह वाढते आणि जंतूला हवे ते सहज मिळू लागते.

दुसरी अडचण रक्ताच्या वाटेची आहे. आतड्याकडून निघालेले रक्त आधी यकृतातून जाते, आणि तिथे बसलेल्या संरक्षक पेशी त्यातले जंतू टिपून घेतात. जकात नाक्यावर प्रत्येक गाडी थांबवून तपासावी तसे हे चालते. सिरॉसिसमध्ये यकृत आक्रसून घट्ट होते, आतला दाब वाढतो आणि रक्त बाजूच्या नव्या वाटांनी नाका चुकवून सरळ हृदयाकडे जाते. जंतू न अडता अंगभर पोहोचतो, आणि तिथे लोहही तयार असते. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळेच यकृताचा रुग्ण या जंतूपुढे इतका उघडा पडतो.

म्हणून सिरॉसिस, जुनाट हिपॅटायटिस बी किंवा सी आणि अनेक वर्षांच्या मद्यपानाने खराब झालेले यकृत असलेली माणसे या यादीत सर्वांत वर येतात. त्यांच्या खालोखाल शरीरात लोह साठणारे रुग्ण आहेत. आपल्याकडे यात थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणारी मुले आणि तरुण विशेष लक्षात ठेवायला हवेत, कारण दर पिशवीबरोबर त्यांच्या शरीरात लोह जमत जाते. मधुमेह, डायलिसिस, केमोथेरपी, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती उणी होते. पोटातले आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचाही विचार करावा लागतो. ते आम्ल म्हणजे जंतूला लागणारी पहिली धग असते, आणि आपल्याकडे अशा गोळ्या कोणाला न विचारता महिनोन्महिने घेतल्या जातात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ‘माझ्या लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल आहेत’ या वाक्यावर विसंबून राहू नये. सिरॉसिस सुरुवातीच्या टप्प्यात असताना रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या जवळजवळ ठीक येऊ शकतात. कित्येकांना आपल्याला सिरॉसिस आहे हे पहिल्यांदा सोनोग्राफीत, यकृताचा पोत खडबडीत दिसल्यावर कळते. रोज दारू घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने, अहवाल हातात असो वा नसो, स्वतःला धोक्याच्या गटात धरावे आणि कच्ची किंवा अर्धीकच्ची कालवे पूर्णपणे वर्ज्य करावीत.

एक घर, एक रविवार

आता हे प्रत्यक्षात कसे उतरवायचे ते पाहण्यासाठी सांगलीतले एक कल्पित कुटुंब घेऊ. आजोबा चौसष्ट वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत यकृत खराब असल्याचे निघाले आहे. मुलगा आणि सून निरोगी आहेत. रत्नागिरीहून परतताना ते सोललेली एक किलो कालवे घेतात. सकाळी सातच्या ओहोटीला ती खडकावरून फोडली गेली, दहा वाजता पिशवीत पडली, अकराला गाडी निघाली, चारला घरी पोहोचली आणि रात्री आठला चुलीवर चढणार आहेत. फोडल्यापासून शिजेपर्यंत तेरा तास जातात, आणि गाडीच्या डिकीत तीस अंशांच्या वर तापमान असताना जंतू या वेळात अनेक पटींनी वाढतो.

पहिली गोष्ट विकत घेतानाची. कालवे केव्हा फोडली आणि तेव्हापासून ती बर्फात होती का, हे विकणाऱ्या मावशींना सरळ विचारावे. त्या खरे सांगतात, कारण त्यांच्या घरीही तीच कालवे शिजतात. ती उन्हात घमेल्यात ठेवलेली दिसली तर घेऊ नयेत. शिंपल्यासकट घेत असाल तर शिंपला घट्ट मिटलेला असावा. थोडा उघडा असला तर त्यावर टिचकी मारावी. मिटला तर कालव जिवंत आहे, न मिटला तर ते टाकून द्यावे.

दुसरी गोष्ट थंडावा. एक किलो सोललेल्या कालवांना किमान एक किलो, उन्हाळ्यात दीड किलो बर्फ घ्यावा. कालवे झाकणाच्या डब्यात भरून तो डबा थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या मधोमध ठेवावा, म्हणजे वितळलेले पाणी कालवात जाणार नाही आणि कालवांचे पाणी बाहेर येणार नाही. शिंपल्यातली जिवंत कालवे मात्र डब्यात कोंडू नयेत. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फावर ठेवावीत. वाटेत जेवायला थांबलात तर बर्फ पाहून घ्यावा आणि लागेल तसा भरावा. घरी येताच डबा फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात जावा, जिथले तापमान ४ अंशांच्या आसपास असते. थंडीमुळे जंतूची वाढ थांबते, पण तो मरत नाही. डीप फ्रीजरमध्येही संख्या घटते, पण कालवे निर्जंतुक होत नाहीत. थंडावा हा शिजवण्याला पर्याय नाही, एवढे या पायरीवर पक्के धरावे.

तिसरी गोष्ट हातांची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. व्हल्निफिकस खाण्यातून जसा शिरतो तसाच जखमेतूनही शिरतो, आणि कालवाच्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी धारदार असते. आपल्या उदाहरणात आजोबांना जुनी आवड म्हणून कालवे साफ करायला बसायचे असते. त्यांनी बसू नये. मधुमेही पायाची भेग किंवा बोटाची चीर कालवाच्या पाण्यात भिजणे त्यांच्यासाठी खाण्याइतकेच घातक ठरू शकते. साफ करणाऱ्याने जाड रबरी हातमोजे घालावेत, हाताला कापले असेल तर ते काम दुसऱ्याला द्यावे आणि काम करताना कापलेच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. कालवांचे पाणी सांडलेल्या ओट्यावर, सुरीवर आणि पाटावर त्याच वेळी कांदा-टोमॅटोची कोशिंबीर चिरू नये. कालवे नीट शिजवूनही घरातली माणसे आजारी पडतात ती बहुधा अशा वाटेने.

शिजवणे: घड्याळ केव्हा सुरू करायचे

व्हिब्रिओ उष्णतेपुढे टिकत नाही, ही या सगळ्यातली खरी दिलासा देणारी बाब आहे. कालवाच्या मधोमध ६३ अंश तापमान पंधरा सेकंद राहिले की तो संपतो. पण खाडीच्या पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरसही येऊ शकतात आणि ते अधिक चिवट आहेत, म्हणून मी आतले तापमान ९० अंशांपर्यंत नेऊन किमान दीड मिनिट ठेवण्याचाच आग्रह धरेन. रश्शाच्या भांड्यात हे सहज साधते. महाबळेश्वरात पाणी सुमारे ९५ अंशांना उकळते, तरीही तेवढे पुरेसे आहे.

चूक होते ती वेळ मोजण्यात. रस्सा खळखळत असताना त्यात फ्रिजमधली एक किलो थंड कालवे टाकली की उकळी लगेच मोडते. पुढची दोन-तीन मिनिटे भांडे पुन्हा तापण्यात जातात, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती तेवढ्यात पाच मिनिटे झाली म्हणून गॅस बंद करते. घड्याळ कालवे टाकल्याच्या क्षणापासून नव्हे, तर पूर्ण भांड्याला दुसऱ्यांदा खळखळून उकळी आल्यापासून सुरू करावे. सोललेल्या कालवांना त्यानंतर किमान तीन मिनिटे द्यावीत. आजोबांसारखी व्यक्ती जेवणार असेल तर मी पाच देईन. कालवांच्या कडा आक्रसून कुरळ्या झालेल्या दिसल्या पाहिजेत आणि एक मोठे कालव निवडून सुरीने कापले तर मधला भाग काचेसारखा अर्धपारदर्शक न राहता सगळीकडून अपारदर्शक आणि घट्ट दिसला पाहिजे. आमसूल किंवा आगळ, कांदा-लसूण मसाला, खोबऱ्याचे वाटण हे तुमच्या हातचे. वेळेशी त्याचा संबंध नाही.

शिंपल्यासकट कालवे उकळत असाल तर शिंपला उघडला म्हणजे कालव शिजले, असे समजू नये. कमी उष्णतेतही आतला स्नायू सैल पडतो आणि शिंपला उघडतो, पण मांसाचा मध्य अजून कच्चाच असतो. उकळत असाल तर शिंपले उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटे, वाफवत असाल तर चार ते नऊ मिनिटे द्यावीत. भांडे फार गच्च भरू नये, म्हणजे मधल्या शिंपल्यांपर्यंत उष्णता पोहोचेल. शिजवूनही जो शिंपला मिटलेलाच राहिला, तो उघडायचा हट्ट न धरता टाकून द्यावा. किनाऱ्यावर निखाऱ्यावर टाकून ‘पट्कन उघडलेली’ कालवे गरमागरम दिली जातात, त्यांना ही अट सर्वांत जास्त लागू आहे. धूर आणि वास असतो, पण आत बहुतेक वेळा कच्चेपणाच असतो.

तव्यावर रवा लावून परतलेली कालवे हा आपल्याकडच्या धोक्याचा दुसरा कप्पा. रव्याला सोनेरी रंग दोन मिनिटांत येतो आणि आतले मांस तसेच राहते. तव्यावरचीच हवी असतील तर कालवे आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटे घालून, निथळून, मगच रवा-मसाला लावून परतावीत. थोडी चव जाते हे खरे आहे, पण आजोबा त्याच पंगतीला असतील तर ही तडजोड करावीच लागेल. भरपूर तेलात तळायची तर तेल १९० अंशांच्या आसपास तापलेले असावे आणि किमान तीन मिनिटे द्यावीत. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता एकसारखी पोहोचत नाही, म्हणून ती पद्धत कालवांसाठी वापरू नये. कालवे गोठवलेली असतील तर आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्यावीत, नाही तर बाहेर उकळी आणि आत बर्फ अशी स्थिती होते.

गोव्यात किंवा मुंबईत मोठ्या हॉटेलात बर्फावर मांडलेली अर्ध्या शिंपल्यातली कच्ची कालवे पुढे आली, तर धोक्याच्या गटातल्या माणसासाठी उत्तर एकच आहे: नाही. कालवे कुठून आली, किती महाग आहेत, आचारी किती नावाजलेला आहे, यांनी फरक पडत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २००३ मध्ये मेक्सिकोच्या आखातातली, उन्हाळ्यात काढलेली कच्ची कालवे जंतू मारण्याची प्रक्रिया केल्याशिवाय विकायला बंदी घातली. त्यानंतर तिथे या जंतूने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. सूचनाफलक आणि पत्रके तिथे आधीही होती, पण त्यांनी हे साधले नव्हते.

शिजवण्याला एक मर्यादा आहे. समुद्रात काही सूक्ष्म शैवालांची भर आल्यावर कालवात साठणारी विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत. त्यामुळे किनाऱ्यावर मासे मरून पडले असतील, पाण्याला लालसर किंवा हिरवट झाक आली असेल किंवा स्थानिक लोकच कालवे खात नसतील, तर ती शिजवूनही खाऊ नयेत.

खाल्ल्यानंतर काही झालेच तर

निरोगी माणसाला जुलाब-उलटी झाली तर ओआरएस घेत राहावे. रक्त पडले, ताप चढला किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. धोक्याच्या गटातल्या माणसाने असे थांबू नये. त्याला बहुधा कालवे खाल्ल्यानंतर एक ते तीन दिवसांत, काही वेळा त्याआधीच, हुडहुडी भरून ताप येतो आणि रक्तदाब उतरतो. जुलाब असतीलच असे नाही, म्हणून पोट ठीक आहे या आधारावर घरी बसू नये. पायात असह्य दुखणे, त्वचेवर लाल-जांभळे चट्टे आणि मग रक्ताळलेले फोड ही या जंतूची ओळख आहे, पण फोड येण्याची वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे. ताप आणि हुडहुडी आली की त्याच तासाला मिरज, सांगली, सातारा किंवा कराड, जिथे अतिदक्षता विभाग असेल तिथे न्यावे.

घाटमाथ्यावरच्या डॉक्टरांना सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला, रुग्ण पाहताना कालवे सुचतीलच असे नाही. म्हणून आत शिरताच एक वाक्य सांगावे: ‘यांना लिव्हरचा आजार आहे, परवा रात्री कच्ची कालवे खाल्ली आहेत, व्हिब्रिओची शक्यता पाहा.’ जखम झाली असेल तर ‘कालवाच्या शिंपल्याने कापले’ हेही सांगावे. या वाक्याने रक्ताचा कल्चर लगेच घेतला जातो आणि प्रयोगशाळेला काय शोधायचे ते कळते. अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन आणि तिसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन ही जोडी सुरू करणे, ही या आजाराची मान्य पद्धत आहे. ही औषधे घरी, मनाने घेऊ नयेत. पहिल्या चोवीस तासांत योग्य औषध मिळालेले रुग्ण उशीर झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाचतात, आणि पायाचे मांस सडू लागले असेल तर शल्यचिकित्सकाला तेही त्याच दिवशी कापून काढावे लागते.